‘100% सुरक्षित’ लिहिलेल्या पोस्टला विचारायचे प्रश्न

प्रश्न: मी 36 वर्षांची, नाशिकला राहते. लहानपणी मामाच्या गावी मोठ्या मुलांनी विहिरीत ढकललं होतं. गटांगळ्या खाल्ल्या, कुणीतरी बाहेर काढलं. तेव्हापासून डोक्यावरून तांब्या ओतला तरी श्वास अडकतो. आता मुलाला, साडेसहा वर्षांच्या, पोहायला घालायचंय आणि जमलं तर मलाही शिकायचंय. दोन पोस्ट आल्या आहेत. एकीत लिहिलंय: ‘15 दिवसांत पोहायला शिका, भीती कायमची घालवा! अनुभवी कोच, लाईफगार्ड उपलब्ध, 100% सुरक्षित, महिलांसाठी स्वतंत्र बॅच.’ दुसरीत: ‘पहिला आठवडा फक्त साडेतीन फूट पाण्यात. एका प्रशिक्षकाकडे सहा जण. महिलांची बॅच 11 ते 11.45, महिला प्रशिक्षक. पालकांना काठावर बसता येईल. 15 दिवसांत पोहता येईलच असं नाही.’ दुसरीची फी जवळपास दुप्पट आहे. हे म्हणतात, पाणी सगळीकडे सारखंच. माझी उंची 5 फूट 2 इंच, मुलाची 3 फूट 10 इंच. कुठे जाऊ? आणि या वयात मला खरंच येईल का?

उत्तर: ताई, दुसरी पोस्ट तुमच्यासाठी चांगली आहे. मुलासाठी मात्र ती आहे तशी चालणार नाही. उंची कळवलीत ते फार बरं केलंत, कारण अडचण त्या ‘साडेतीन फूट’मध्येच आहे.

साडेतीन फूट म्हणजे 107 सेंटिमीटर. तुमची उंची 157 सेंटिमीटर, म्हणजे हे पाणी तुमच्या बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली येईल. शिकणाऱ्याला नेमकं एवढंच पाणी हवं. याहून उथळ पाण्यात अंग तरंगायला पुरेसा आधार मिळत नाही आणि याहून खोल पाण्यात पाय टेकलेले असले तरी ते सटकतात. आता मुलाचं बघा. त्याची उंची 117 सेंटिमीटर. या वयात हनुवटीपासून टाळूपर्यंतचं अंतर साधारण 19-20 सेंटिमीटर असतं, म्हणजे त्याची हनुवटी जमिनीपासून 97-98 सेंटिमीटरवर. 107 सेंटिमीटर पाण्यात त्याचं तोंड बुडेल आणि नाकाशी पाणी येईल. तो चवड्यांवर उभा राहून, मान मागे टाकून श्वास घेत राहील. त्या अवस्थेत कुठलंही मूल काही शिकत नाही, ते फक्त तग धरतं. त्याच्यासाठी योग्य खोली सव्वादोन ते पावणेतीन फूट.

म्हणून दुसऱ्या ठिकाणी फोन करून पहिला प्रश्न हा विचारा: लहान मुलांसाठी वेगळा उथळ तलाव आहे का, किंवा पाण्यात ठेवायचा प्लॅटफॉर्म आहे का? काही ठिकाणी उथळ बाजूला पायांवर उभं राहणारं टेबल पाण्याखाली ठेवतात. त्यावर उभं राहिलं की मुलाला पाणी छातीपर्यंतच लागतं. सोय चांगली आहे, पण टेबलाची कड संपली की पुढे पुन्हा साडेतीन फूट. तेव्हा त्या कडेला पाण्यात एक मोठा माणूस उभा असतो की नाही, हेही लगेच विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट. काठावर रंगवलेला खोलीचा आकडा त्या जागेपुरता असतो. तळ बहुधा उताराचा असतो आणि बऱ्याच तलावांत काही अंतरावर हा उतार एकदम वाढतो. पायांना ते कळेपर्यंत माणूस गळ्यापर्यंत पाण्यात गेलेला असतो, आणि ओल्या फरशीवरून मागे वळणंही सोपं नसतं. उथळ भाग जिथे संपतो तिथे आडवी, तरंगत्या गोळ्यांची दोरी बांधलेली हवी. शिकाऊ बॅच चालू असताना ती दोरी जागेवर आहे का, हे तुम्ही स्वतः जाऊन पाहा. शर्यतींच्या सरावासाठी ती काढतात आणि परत लावायची राहून जाते.

आता तुमच्या भीतीकडे. तुमचा श्वास अडकतो हा मनाचा कमकुवतपणा नाही. चेहऱ्यावर अचानक पाणी आलं की श्वास रोखला जाणं ही शरीराची जन्मजात क्रिया आहे. ज्याने कधी गटांगळ्या खाल्ल्या आहेत त्याच्यात ती जरा जास्त जोराने होते, एवढंच. पुढची साखळी महत्त्वाची आहे. श्वास रोखला की छाती आवळते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ‘आत्ताच्या आत्ता हवा हवी’ अशी घाई सुटते. त्या घाईत माणूस मान वर करतो. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, अंग उभं होतं, पाणी तोंडात जातं. जाहिरातवाले ज्याला ‘पाण्याची भीती’ म्हणतात ती बहुतेकांच्या बाबतीत ही साखळी असते, आणि ती पहिल्याच कडीला तोडता येते: पाण्यात श्वास रोखून धरायचा नाही, सोडत राहायचा.

ही तयारी बॅच सुरू होण्याआधी दोन आठवडे घरीच करा. तोंड मावेल असा रुंद टब किंवा घमेलं घ्या, कोमट पाणी भरा, स्टुलावर ठेवून समोर खुर्चीवर बसा. आधी नुसते ओठ पाण्यात बुडवून फुंकर मारा, बुडबुडे येऊ द्या. दोन-तीन दिवसांनी नाक बुडेपर्यंत जा. तोंड मिटून ‘म्‌ऽऽ’ असा आवाज काढत राहिलात की हवा आपोआप नाकातून बाहेर पडते, आणि हवा बाहेर पडत असताना पाणी आत शिरत नाही. नाकात पाणी गेलं की झोंबतं, कारण नळाच्या पाण्यात शरीरातल्या द्रवांपेक्षा क्षार खूपच कमी असतात आणि नाकाच्या आतल्या त्वचेला ते सोसत नाही. एकदा का ‘म्‌’ जमला की हे झोंबणं बंद होतं, आणि निम्मी भीती त्या झोंबण्याचीच असते. पाच सेकंदांचा सावकाश उच्छ्वास, मग मान वर, तोंडाने श्वास, पुन्हा खाली. एका वेळी दहापेक्षा जास्त नको, चक्कर येते.

यात एक बारीक नियम पाळा: वर आल्यावर चेहरा हाताने पुसायचा नाही. पाणी ओघळू द्यायचं, डोळे दोनदा मिचकवायचे. क्षुल्लक वाटेल, पण तलावात चेहरा पुसायला हात वर गेला की आधार सुटतो आणि माणूस तिथेच गडबडतो. आंघोळीच्या वेळी डोक्यावरून मग ओततानाही हाच नियम. मुलालाही खेळ म्हणून हे शिकवा, पण भरलेल्या टबापाशी त्याला एकट्याला क्षणभरही सोडू नका. आणि ‘कोण जास्त वेळ श्वास रोखतं’ ही पैज घरात नको, तलावात तर नकोच. भराभर श्वास घेऊन मग बुडी मारली की कार्बन डायऑक्साइड आधीच कमी झालेला असतो, त्यामुळे हवेची निकड जाणवतच नाही आणि मूल पाण्याखाली बेशुद्ध होऊ शकतं. पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे होतं.

प्रत्यक्ष तलावात पहिले दोन-तीन दिवस काय व्हायला हवं? शिडीकडे तोंड करून उतरणं. कठडा धरून आडवं चालणं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग कठडा धरूनच तोंड, नाक, कान बुडवून बुडबुडे. हे कंटाळवाणं दिसतं, व्हिडिओत तर काहीच दिसत नाही, म्हणून पोस्टमध्ये ते येत नाही.

त्यानंतरचा धडा मात्र सगळ्यात मोठा आहे, आणि तोच सर्रास गाळला जातो. तो म्हणजे आडवं तरंगत असताना परत उभं राहणं. ‘बुडेन’ या भीतीच्या पोटात बहुतेक वेळा ‘परत उभी राहू शकणार नाही’ ही भीती असते, आणि ती खरीच असते, कारण उभं कसं राहायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. पालथं तरंगताना माणसाला पहिल्यांदा सुचतं ते डोकं वर काढायचं. तसं केलं की पाय मागेच राहतात, जमीन सापडत नाही आणि कंबरभर पाण्यातही हातपाय झाडायची वेळ येते. बरोबर क्रम उलटा आहे. आधी दोन्ही गुडघे पोटाशी ओढायचे, त्याच वेळी पसरलेल्या हातांचे तळवे पाण्यात खाली दाबायचे. कंबर आपोआप खाली येते, पाय तळाला लागतात, आणि पाय लागल्यावर मगच डोकं वर. उताणं असाल तर हनुवटी छातीकडे घ्यायची, खुर्चीत बसताना होतात तसे गुडघे वाकवायचे आणि दोन्ही हातांनी पाणी मागून पुढे ओढायचं. दोन्ही प्रकार आधी कठड्याजवळ, मग एक हात लांब, मग दोन हात लांब.

यात तुमची प्रगती तुम्हालाच मोजता येईल. कुणाचा हात न धरता सलग दहा वेळा तरंगून उभं राहता आलं की तुमच्या भीतीचं निम्म्याहून जास्त काम झालं. ते होण्याआधी कुणी लाथा मारायला किंवा हात फिरवायला शिकवत असेल तर थांबवा. ‘तिसऱ्या दिवशी फ्रीस्टाइल’ म्हणणाऱ्या पोस्टमध्ये गाळलेला धडा हाच असतो. अशा बॅचमधली माणसं आठ-दहा हात पुढे जातात, मग दमतात, मधेच थांबता येत नाही, आणि जवळच्या माणसाच्या गळ्यात पडतात.

तरंगण्याचं म्हणाल तर छाती भरून श्वास घेतलेली बहुतेक माणसं पाण्यावर राहतात, आणि बायकांच्या कंबर-मांड्यांवर चरबी जरा जास्त असल्याने त्यांचे पाय पुरुषांच्या मानाने उशिरा खाली जातात. वजन वाढलंय म्हणून लाजून घरी बसणाऱ्या बायकांना हे कुणी सांगत नाही. उताणं पडताना कान पाण्यात बुडू द्या. कान बुडले की आवाज बदलतो, त्याने घाबरून मान वर येते आणि कंबर खाली जाते. त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रशिक्षिकेला सांगा: ‘मला कान बुडवायची भीती वाटते, आधी तेवढंच करू.’

त्यांच्याशी आणखी एक करार करून घ्या. हात काढून घेण्याआधी त्यांनी सांगायचं, तीन आकडे मोजायचे आणि मगच सोडायचं. ‘धरलंय हं, धरलंय’ म्हणत गुपचूप हात काढून घेण्याची युक्ती पुष्कळ प्रशिक्षकांना हुशारीची वाटते. न घाबरणाऱ्या मुलावर ती चालूनही जाते. पण ज्या बाईला एकदा विहिरीत ढकललेलं आहे तिच्यासाठी हे दुसऱ्यांदा ढकलणंच झालं, आणि पुढचे चार दिवस तिचा विश्वास परत मिळवण्यात जातात. विहिरीवर शिकवण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीत पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधून, वर दोर धरून शिकवणारे होते, आणि सरळ ढकलून देणारेही होते. दुसऱ्या प्रकारातून जे शिकले तेच ती पद्धत चांगली म्हणून सांगतात. जे पाण्यापाशी परत आलेच नाहीत, त्यांना कोण विचारतं?

मुलाच्या दंडाला लावायचे हवेचे फुगे मात्र घेऊ नका. ते खांदे वर आणि पाय खाली ठेवतात, म्हणजे अंग उभं राहतं, आणि पोहायला लागतं आडवं अंग. शिवाय त्याला वाटायला लागतं की आपण पाण्यात बुडतच नाही. एखाद्या दिवशी फुग्यांशिवाय तो सरळ उडी मारतो. हातात धरायचा फोमचा बोर्ड चालेल, कारण तो सोडला की लगेच कळतं.

आता फीचा हिशेब. 45 मिनिटांत सहा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं येतात. पहिल्या पोस्टमध्ये संख्या दिलेली नाही. उन्हाळी बॅच आहे, समजा वीस जण असले तर सव्वादोन मिनिटं. न घाबरणारं दहा वर्षांचं मूल बघून बघून शिकतं, त्याला सव्वादोन मिनिटंही पुरतील. तुम्हाला पुरणार नाहीत. त्याहून महत्त्वाचं असं की प्रशिक्षक एकाला धरून उभा असतो तेव्हा बाकीच्या एकोणीस जणांकडे त्याची पाठ असते. घरी सांगायला एवढं पुरावं की पाणी सारखं असतं, त्याच्याकडे बघणारे डोळे सारखे नसतात.

आणि इथेच ‘लाईफगार्ड उपलब्ध’ या शब्दांकडे यायला हवं. उपलब्ध म्हणजे कुठे? शिकवणारा प्रशिक्षक त्या वेळी लाईफगार्ड नसतो, त्याच्याकडे कितीही पदकं असोत. फोनवर प्रश्न असा विचारा: ‘बॅच चालू असताना शिकवत नसलेला, फक्त पाण्याकडे बघणारा माणूस कोण, आणि तो कुठे बसतो?’ ‘आमचे सगळेच कोच लाईफगार्ड आहेत’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ असा माणूस तिथे नाही.

हा माणूस का हवा, तर बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हात हलवत ओरडत नाही. श्वास घ्यायलाच सवड नसते, तर आवाज कुठून निघणार? डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली, हात बाजूला पसरून पाणी दाबणारे, अंग उभं आणि पाय जवळजवळ स्तब्ध. लांबून बघणाऱ्याला मूल पाण्यात उभं राहून वर बघतंय असंच वाटतं. हे साधारण 20 ते 60 सेकंद चालतं आणि मग मूल खाली जातं. म्हणून लाईफगार्डच्या प्रशिक्षणात एक सोपा हिशेब वापरतात: धोका 10 सेकंदांत दिसला पाहिजे आणि पुढच्या 20 सेकंदांत तिथे पोचता आलं पाहिजे. तो ऑफिसात फीच्या पावत्या फाडत असेल, तर ‘उपलब्ध’ असूनही उपयोग नाही.

फी भरण्याआधी दोन्ही ठिकाणी, ज्या वेळेला तुम्ही जाणार त्याच वेळेला, अर्धा तास जाऊन बसा. रविवारी दुपारी रिकामा तलाव दाखवणाऱ्यांना नको म्हणा. तिथे बसून मुख्यतः बॅच बदलताना काय होतं ते बघा. एक बॅच बाहेर येतेय, दुसरी कपडे बदलून निघालीय, प्रशिक्षक कुणाच्या तरी पालकांशी बोलतोय, आणि दोन मुलं आधीच पाण्यात उतरलीत. सगळ्यात ढिली वेळ हीच. चांगल्या ठिकाणी प्रशिक्षक आधी पाण्याजवळ येतो, मुलं भिंतीला टेकून बसतात, मोजून आत जातात आणि मोजून बाहेर येतात. न पोहता येणाऱ्यांची टोपी वेगळ्या रंगाची असेल तर ती साधी पण फार कामाची सोय.

खोल बाजूला उभं राहून तळातली जाळी दिसते का बघा. जाळीच्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजता आल्या तर पाणी स्वच्छ. नुसता काळा ठिपका दिसत असेल, तर तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. तेवढ्या कारणावरून मी दुसऱ्या कुठल्याही सोयीकडे न बघता परत फिरायला सांगेन. डोळे चुरचुरतील असा उग्र ‘क्लोरीनचा’ वास म्हणजे औषध भरपूर घातलंय असं नव्हे. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन तो वास येतो, म्हणजे तिथे पाण्याची निगा कमी पडतेय. ती तळातली जाळी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. पंप तिथून पाणी ओढतो, आणि जाळी तुटलेली किंवा सुटलेली असेल तर लांब मोकळे केस आत ओढले जाऊन अडकू शकतात. बायका आणि मुलींसाठी टोपी सक्तीची असते ती केवळ फिल्टर तुंबू नये म्हणून नाही. आंबाडा घट्ट बांधून टोपीत घाला आणि जाळीजवळ बुड्या मारायला मुलाला मनाई करा.

काठावर टांगलेली दोरीची रिंग आणि लांब बांबू दिसतीलच, पण ते हाताशी आहेत की कुलूपबंद खोलीत, ते बघा. मग विचारा, सीपीआर कुणाला येतं? बुडून श्वास थांबलेल्या माणसाच्या बाबतीत सुरुवात तोंडाने श्वास देण्यापासून होते, कारण तिथे मूळ तुटवडा हवेचा असतो. त्यानंतर छातीवर 30 दाब आणि 2 श्वास असं आलटून पालटून. ‘पोट दाबून पाणी काढतो’ किंवा ‘उलटं धरतो’ असं उत्तर आलं, तर त्या माणसाला काहीच येत नाही. त्याने पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात.

‘महिलांसाठी स्वतंत्र बॅच’ या शब्दांमागे काय काय आहे तेही उलगडून घ्या. प्रशिक्षिका महिला, पण पाण्याकडे बघणारा माणूस पुरुष, हे पुष्कळदा असतं. तुम्हाला चालत असेल तर प्रश्न नाही, आधी माहीत असावं इतकंच. काठावर फोन बंद ठेवायचा नियम आहे का? शेजारच्या इमारतीच्या गच्चीतून तलाव दिसतो का? कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का? आणि पुढच्या बॅचचे पुरुष 11.45 लाच दारात येऊन उभे राहतात का? शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. दाराशी माणसं दिसली की बायका घाईघाईने, पाय घसरत बाहेर पडतात.

पोशाखासाठी पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा नायलॉन-लायक्राचा पोहण्याचा ड्रेस मिळतो, तो घ्या. सुती पंजाबी ड्रेस किंवा टी-शर्ट चालवत नाहीत ते नखरे म्हणून नव्हे. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, हातापायांना गुंडाळतं, आणि ओढणी तर सरळ धोकाच. पाळीच्या दिवसांत पॅडचा पाण्यात उपयोग होत नाही. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर पोहता येतं, नसाल तर चार-पाच दिवस सुट्टी घ्या. ते दिवस पुढे वाढवून मिळतात का, हे फी भरताना विचारा. महिलांची बॅच म्हणवणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसेल, तर बाकीचाही फारसा केलेला नसतो.

शिकवताना स्पर्श लागतोच. उताणं तरंगवताना एक हात डोक्याखाली, दुसरा खांद्यांच्या पात्यांखाली. पालथं असताना हातांना किंवा कमरेच्या बाजूंना आधार. याहून वेगळ्या ठिकाणी धरायची गरज शिकवण्यात येत नाही. हे मुलालाही सांगून ठेवा. आणि त्याचे कपडे तुम्ही किंवा घरच्या कुणीतरी बदलायचे, तिथल्या कर्मचाऱ्याने नाही.

तुमची आणि मुलाची बॅच एकाच वेळी घेऊ नका. तुमचं लक्ष त्याच्याकडे राहील, श्वासाकडे नाही. तो पाण्यात असेल तेव्हा काठावर बसा, पण थोडं लांब. तुम्ही दचकलात की तो तुमच्याकडे बघतो, आणि भीती तिथूनच घेतो. सकाळी सहाची बॅच दोघांनाही नको. गार पाण्यात उतरलं की धाप लागते, आणि तुम्हाला तर श्वासाचंच काम करायचंय. 11 ला ऊन असेल, पण पाणी सुसह्य असेल. मुलाचे ओठ निळसर झाले किंवा दात वाजायला लागले की वेळ उरली असली तरी बाहेर काढा. थंडीने कुडकुडणारं मूल ऐकणं सोडून देतं.

येईल का, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: घरी दोन आठवडे श्वासाचं काम केलंत तर या 15 दिवसांत तुम्हाला पालथं आणि उताणं तरंगता येईल, स्वतः उभं राहता येईल आणि बहुधा लाथा मारत तलावाची रुंदी पार करता येईल. खोल पाणी आणि तोंड बाजूला वळवून श्वास घेत पोहणं, हे पुढच्या महिन्याचं काम. ‘येईलच असं नाही’ हे वाक्य पोस्टमध्ये लिहिणारा माणूस मला म्हणूनच बरा वाटतो. मुलगा 15 दिवसांनी उथळ पाण्यात छान खेळायला लागेल, आणि नेमका त्याच वेळी जास्त जपायला लागेल. टाइलच्या तळाचं, स्थिर, आरपार दिसणारं पाणी आणि गंगापूर धरणाचा किंवा गोदावरीचा काठ यांत काहीच सारखं नाही. तिथे त्याला ‘पोहता येतं’ असं धरून कुणी सोडू नये.

नावनोंदणीच्या अर्जात आजारपणाचा रकाना मोकळा सोडू नका. फिट्स, दमा, कानाच्या पडद्याला भोक, हृदयाचा त्रास यांपैकी दोघांनाही काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा. आणि तलावात कधी कुणाच्या नाकातोंडात जास्त पाणी गेलं, ठसका लागला, तर त्यानंतरचे आठ तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नाही, श्वास जोरजोरात चालतोय, मूल विचित्र सुस्त झालंय, उलट्या होताहेत, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. ओठ निळे पडत असतील किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर थेट 108 ला फोन करा.